विसर्गाच्या आकड्यांवरून एकूण पाणी: गुणाकार कुठे चालतो आणि कुठे फसतो

*मी बारावी सायन्सला आहे, गाव कराडजवळ. क्लासच्या सरांनी गणित घातलं: समजा कोयनेतून सकाळी 6 ला 2,100 क्युसेक सोडलं, 10 ला ते 12,000 केलं, दुपारी 2 ला 24,000, संध्याकाळी 6 ला 40,000, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पर्यंत तेवढंच ठेवलं. 24 तासांत किती टीएमसी गेलं? मी 40,000 धरून केलं तर 3.46 आलं, दादाने चारांची सरासरी काढली तर 1.69. दोन्ही चूक म्हणाले. दुसरं गणित Q(t) = 2000 + 6000t − 250t² असं आहे, t तासांत, 0 ते 24. त्यात माझं उत्तर उणे येतंय! आणि करंटवरून चार्ज काढतात ते हेच का? धरणावर खरंच असं इंटिग्रेशन करतात का?*

पाटबंधारे खात्यात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी सातारा जिल्ह्यातल्या धरणांवर. पावसाळ्यात रात्री दर तासाला नोंदवहीत पातळी आणि विसर्ग लिहायचा आणि सकाळी त्यावरून "काल किती गेलं, किती आलं" हे वर कळवायचं, हे माझं काम. तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, करतात. इंटिग्रेशनचं चिन्ह कुणी काढत नाही एवढंच.

पहिलं गणित घे. तू केलंस ते असं की शेवटचा आकडा सगळ्या दिवसाला लावला. बातमी वाचणारे बहुतेक लोक हेच करतात. टीव्हीवर रात्री "40 हजार क्युसेक" दिसलं की सांगलीतला माणूस मनात दिवसभर 40 हजार धरतो. पण त्या 24 तासांपैकी पहिले 12 तास विसर्ग त्याहून बराच कमी होता. दादाची चूक जरा सूक्ष्म आहे. त्याने चार आकड्यांना सारखा मान दिला. 2,100 हा आकडा 4 तास टिकला आणि 40,000 हा 12 तास, तरी दोघांचं वजन त्याने एकच धरलं. सरासरी काढायला हरकत नाही, पण ती आकड्यांची न काढता वेळेची काढायला हवी.

जो विसर्ग जितके तास टिकला, तितक्या तासांनी त्याला गुणायचं आणि मग बेरीज करायची. 6 ते 10 या 4 तासांत 2,100 × 4 म्हणजे 8,400. 10 ते 2 मध्ये 12,000 × 4 म्हणजे 48,000. 2 ते 6 मध्ये 24,000 × 4 म्हणजे 96,000. उरलेल्या 12 तासांत 40,000 × 12 म्हणजे 4,80,000. एकूण 6,32,400. याचं एकक "क्युसेक-तास". क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि तासात 3,600 सेकंद, म्हणून एकदाच 3,600 ने गुणायचं. येतात 227 कोटी 66 लाख 40 हजार घनफूट. टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, तेव्हा उत्तर 2.28 टीएमसी. तू जवळपास 1.2 टीएमसीने वर गेलास, दादा 0.6 ने खाली राहिला.

आमच्याकडे यासाठी एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ असायचा: 11,574. इतके क्युसेक पाणी अखंड 24 तास वाहिलं की बरोबर 1 टीएमसी होतं (100 कोटी भागिले 86,400). तुझ्या गणितात वेळेनुसार सरासरी विसर्ग 6,32,400 भागिले 24, म्हणजे 26,350 क्युसेक. त्याला 11,574 ने भाग, पुन्हा 2.28. उत्तर दोन वाटांनी तपासायची ही चांगली सोय आहे, आणि बातमीतला एखादा आकडा खरा वाटत नसेल तर डोक्यातल्या डोक्यात पडताळायलाही.

इथपर्यंत नुसता गुणाकार पुरला, कारण दोन बदलांच्या मध्ये विसर्ग स्थिर होता. आलेख काढलास तर तो जिन्यासारखा दिसेल, आणि जिन्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे आयतांची बेरीज. प्रत्यक्षात जिना इतका कोरीव नसतो. वक्र दरवाजे सगळे एकदम उचलत नाहीत, थोडे थोडे उचलतात. समजा प्रत्येक बदलाला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात विसर्ग सरळ रेषेत चढला, तर प्रत्येक पायरीशी एक छोटा त्रिकोण आपण जास्तीचा मोजला. तिन्ही चढ मिळून विसर्ग 37,900 क्युसेकने वाढला, त्याला पाव तासाने गुणलं की 9,475 क्युसेक-तास, म्हणजे जेमतेम 0.03 टीएमसी. 2.28 पुढे हे सोडून द्यायला हरकत नाही. कुठली चूक सोडायची आणि कुठली नाही हे असं मोजूनच ठरवायचं, अंदाजाने नाही.

आता दुसरं गणित. इथे विसर्ग क्षणाक्षणाला बदलतो, तेव्हा कुठल्याही एका आकड्याला "इतके तास टिकला" असं म्हणता येत नाही. म्हणून वेळेचे इतके बारीक तुकडे पाडायचे की एका तुकड्यात विसर्ग स्थिर मानला तरी चालेल. तुकडे बारीक करत नेले की बेरजेचं जे होतं तेच

V = ∫ Q(t) dt

जिन्याच्या पायऱ्या बारीक झाल्या, बाकी युक्ती तीच. 0 ते 24 घेतलं तर 2000t + 3000t² − (250/3)t³ मध्ये t = 24 घालायचं: 48,000 + 17,28,000 − 11,52,000 = 6,24,000 क्युसेक-तास. 3,600 ने गुणलं की 2.25 टीएमसी.

तुझं उत्तर उणे का आलं ते मला इथे बसून सांगता येतं. तू वेळ सेकंदात केलीस, सीमा 0 ते 86,400 घेतल्यास, पण 6000 आणि 250 हे आकडे मात्र तसेच ठेवलेस. ते "तासाला" बांधलेले आहेत. t ला सेकंद केलं की t च्या जागी t/3600 लिहावं लागतं, आणि t² च्या जागी त्याचा वर्ग. ते न केल्यामुळे तुझं उत्तर उणे 5 कोटी टीएमसीच्या पुढे गेलं असेल. कोयनेची पूर्ण क्षमता 105.25 टीएमसी. एवढं पाणी उलटं डोंगरावर चढत गेलं! सोपा मार्ग हा की आत तासच ठेवायचे, क्युसेक-तासात उत्तर आणायचं आणि बाहेर आल्यावर एकदाच 3,600 ने गुणायचं.

करंटचंही हेच. अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम, म्हणजे चार्जचा विसर्गच. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जे "150 एएच" लिहिलेलं असतं ते अँपिअर-तास, आपल्या क्युसेक-तासाचा सख्खा भाऊ. त्याचे कूलोम करायलाही तोच 3,600. समजा लाइट आल्यावर बॅटरी 6 तास 15 अँपिअरने चार्ज झाली आणि मग करंट 15e^(−t/2) असा उतरत गेला, t तासांत. पहिल्या 6 तासांचे 90 अँपिअर-तास. पुढच्या 4 तासांचे 30(1 − e^(−2)), म्हणजे साधारण 26. एकूण 116 अँपिअर-तास, कूलोममध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास. फरक एकच लक्षात ठेव: करंट उलट वाहू शकतो, तेव्हा i(t) उणे होतो आणि बेरजेतून वजा होतो. घरातल्या एसी करंटचं एका पूर्ण आवर्तनाचं इंटिग्रेशन शून्य येतं, पण तेवढ्यावरून वायर रिकामी आहे असं समजून हात लावू नकोस.

धरणावर सूत्र कुणी देत नाही. ओढ्याला किंवा नदीला पूर येतो तेव्हा आपल्या हातात असतात फक्त काही वेळांच्या नोंदी. तुझ्याच सूत्रातल्या नदीवर मी दर 6 तासांनी माणूस पाठवला असं धर. तो आणेल: 0 ला 2,000, 6 ला 29,000, 12 ला 38,000, 18 ला 29,000, 24 ला 2,000. मधल्या तासांत काय झालं ते त्याला माहीत नाही. आम्ही दोन नोंदींच्या मध्ये सरळ रेष ओढायचो, म्हणजे दोन्हींची सरासरी गुणिले तास. पहिल्या 6 तासांसाठी (2,000 + 29,000)/2 × 6, असं करत गेलास की एकूण 5,88,000 क्युसेक-तास येतील. खरं उत्तर 6,24,000. म्हणजे 36,000 कमी, साधारण पावणेसहा टक्के. कमीच का आलं ते आलेख काढून बघ: वक्र वर फुगलेला आहे आणि आपली सरळ रेष त्याच्या पोटाखालून जाते. ओसरताना पूर सहसा उलटा, पोटात आत गेलेला असतो. तिथे हीच सरळ रेष वक्राच्या वरून जाते आणि पाणी जास्त दाखवते. म्हणून अख्ख्या पुराच्या हिशेबात या दोन चुका थोड्याफार एकमेकींना खातात, पण फक्त चढता पूर मोजलास तर नाही.

सिम्प्सनचा नियम लावलास (1, 4, 2, 4, 1 अशी वजनं, गुणिले 6/3) तर याच पाच नोंदींतून 6,24,000 बरोबर येतं, कारण तो नियम t² पर्यंतच काय, t³ पर्यंतही चुकत नाही. मला तो नियम आवडतो, पण खऱ्या नदीवर त्याच्यावर फार विसंबू नकोस. दरवाजा उचलला की आलेखात जो खटका बसतो, तो त्याला समजत नाही. तिथे तो खटका जिथे आहे तिथेच हिशेब तोडावा आणि दोन्हीकडे वेगवेगळी बेरीज करावी.

आणि नोंदी फार विरळ असतील तर कुठलाच नियम वाचवत नाही. याच नदीवर माणूस रोज एकदाच, 24 तासांनी गेला असता, तर त्याने आज 2,000 आणि उद्या 2,000 लिहिले असते. हिशेब 0.17 टीएमसी. मधून 2.25 टीएमसी निघून गेलं त्याचा पत्ताच नाही. म्हणून उन्हाळ्यात दिवसाची एक नोंद पुरते आणि पुरात तासाची लागते. नोंदींमधलं अंतर पूर चढायला जो वेळ लागतो त्याच्या बऱ्यापैकी आत असलं पाहिजे. तुझ्या सूत्रात चढाला 12 तास आहेत, तिथे 6 तासांनी नोंद घेतली तर पावणेसहा टक्के चूक झाली. 3 तासांनी घेतली तर ती चौथ्या हिश्श्यावर येते. करून बघ.

सांगलीकरांच्या सवयीचा इथे एक घोटाळा होतो. आयर्विन पुलाची पातळी फुटांत सांगतात, 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका. ते फूट म्हणजे विसर्गही नाही आणि एकूण पाणीही नाही, ती फक्त उंची. तिचं क्षेत्रफळ काढून काही हाती लागत नाही. आधी त्या ठिकाणच्या पातळी आणि विसर्गाच्या तक्त्यावरून फुटांचे क्युसेक करावे लागतात, मग इंटिग्रेशन. आणि खाली हरिपूरला वारणा मिळते. तिला पूर असला की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं, फुगवट्याने पातळी वाढते पण विसर्ग त्या प्रमाणात वाढत नाही. तेव्हा तो तक्ताही आंधळेपणाने वापरता येत नाही. शिवाय आयर्विनला दिसतं ते फक्त कोयनेचं पाणी नसतं. कराडला प्रीतिसंगमाच्या आधीच कृष्णेत धोम, कण्हेरकडचं पाणी आलेलं असतं.

आता मला सर्वांत जास्त झोंबलेली गोष्ट. आतापर्यंत आपण बाहेर जाणारं पाणी मोजलं. आत येणारं पाणी, ज्याला आम्ही येवा म्हणतो, ते कसं मोजायचं? तलावाला पन्नास ओढे मिळतात, प्रत्येकावर माणूस बसवता येत नाही. मग उलटा हिशेब करतात: जेवढं बाहेर गेलं, अधिक साठा जेवढा वाढला, तेवढं आत आलं. तुझ्याच दिवसाचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते माझे. सकाळी 6 ला साठा 92.40 टीएमसी, दुसऱ्या दिवशी 6 ला 93.12. वाढ 0.72. नदीत सोडलं 2.28. कोयनेत आणखी एक दार आहे जे कराडकरांना दिसत नाही: पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहांना जाणारं पाणी वाशिष्ठीत उतरतं, कृष्णेत येत नाही. ते 0.20 धर. एकूण येवा 3.20 टीएमसी, गुणिले 11,574, म्हणजे दिवसभर सरासरी 37,000 क्युसेक. पश्चिमेचा भाग विसरलास तर येवा साधारण 2,300 क्युसेकने कमी दिसेल. भर पावसात बाष्पीभवन यात धरायची गरज पडत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका धरणावर मी हाच हिशेब दर तासाला करायला बसलो. वरच्यांना तासाचा येवा हवा होता. बाहेर मुसळधार पाऊस, आणि माझ्या वहीत रात्री दोनच्या तासाचा येवा आला उणे. तीनच्या तासाला एकदम दुप्पट. मी बेरीज पाच वेळा तपासली. सकाळी माझ्या वरिष्ठांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "वारं कुठून होतं रे?"

वाऱ्याने पाणी मोजपट्टीपासून दूर ढकललं होतं, पातळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने खाली दिसली. आता हेच कोयनेच्या आकड्यांत बघ. भरलेल्या शिवसागर जलाशयाचं क्षेत्रफळ सुमारे 115 चौरस किलोमीटर आहे. त्यावर 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेअकरा लाख घनमीटर, म्हणजे 0.04 टीएमसी. साठ्यात ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तासाचा येवा काढायला तिला 3,600 सेकंदांनी भागलंस की ती होते सुमारे 11,300 क्युसेक! पट्टीवर एका बोटाच्या जाडीएवढी गफलत, आणि कागदावर छोट्या नदीएवढा पूर. तीच 1 सेंटिमीटरची चूक 24 तासांच्या हिशेबात 86,400 ने भागली जाते आणि 470 क्युसेकवर येते.

तुझ्या गणिताच्या भाषेत सांगायचं तर मी त्या रात्री इंटिग्रेशन करत नव्हतो, साठ्याचं डेरिव्हेटिव्ह काढत होतो. विसर्गावरून एकूण काढताना नोंदींमधल्या बारीक चुका, वर-खाली दोन्हीकडच्या, बेरजेत मुरून जातात. एकूणवरून विसर्ग काढताना त्याच चुका भागाकाराने फुगतात, आणि वेळ जितका थोडा तितक्या जास्त फुगतात. त्यानंतर आमच्या वहीत पातळी दर तासाला लिहायचो, पण येवा निदान 3 तासांच्या फरकावरून काढायचो, आणि वारं असेल तर त्या रकान्याशेजारी "वारा, पश्चिम" असं लिहून ठेवायचो. विसर्गाची बेरीज मात्र तासातासाने करायला कधी अडचण आली नाही.

तू सरांना 2.28 आणि 2.25 दाखव. आणि दुसऱ्या गणितात 3 तासांच्या नोंदींनी काय येतं तेही बरोबर घेऊन जा. माझ्या हिशेबाने 6,15,000 यायला हवं.